बाबांच्या नावाचं पार्सल

बाबा गेले त्याला तीन-चार आठवडे झाले असतील. तेरावं होऊन पाहुणे आपापल्या गावी परतले होते. गॅलरीतल्या बायकांनी आणून दिलेले डबे धुऊन परत गेले होते आणि लालबागच्या आमच्या खोलीत आई एकटी राहायला लागली होती. मी दादरला राहते आणि परळच्या एका हॉस्पिटलात, रक्त तपासायला देतात त्या खिडकीवर काम करते. काम संपलं की रोज आईकडे जायचं, तिच्याबरोबर चहा प्यायचा आणि मग घरी, असा माझा तेव्हाचा नेम होता. भाऊ डोंबिवलीला असतो, तो रविवारी यायचा.

आई त्या दिवसांत रडली नव्हती. माणसं भेटायला येत, तिच्या गळ्यात पडून रडत आणि ती त्यांची पाठ थोपटत बसे. जेवायची, झोपायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. पण तिचा आवाज सपाट झाला होता. जिना उतरून खाली जाणं तिने जवळजवळ बंद केलं होतं. एक तर गुडघे दुखायचे, आणि दुसरं म्हणजे जायचं कोणासाठी, असं तिला वाटत असावं.

अशातच एका दुपारी खिडकीवर पेशंटांची रांग असताना माझा फोन वाजला. आईचा फोन सहसा त्या वेळी येत नसे, म्हणून घाबरून उचलला.

"गो, तू सांजच्याक येतंस ना?" ती म्हणाली. "ये हां नक्की. तुका एक दाखवचा आसा."

आई माहेरची मालवणकडची. पंचेचाळीस वर्षं लालबागेत काढली तरी आनंद झाला किंवा राग आला की ती अजून तशीच बोलते. मी चमकले ते तिच्या आवाजाने. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा त्या आवाजात जीव होता.

संध्याकाळी गेले. आई कॉटवर पाय पसरून बसली होती. साडी जरा वर सरकवून तिने उजव्या गुडघ्याला काळा पट्टा बांधला होता. बाबांच्या फोटोसमोर एक फाटलेलं करडं प्लास्टिकचं पाकीट घडी करून ठेवलं होतं आणि त्यावर एक झेंडूचं फूल.

"तुझ्या बाबांनी माझ्यासाठी मागवलेला," ती म्हणाली. "हॉस्पिटलात होते तेव्हा म्हणालेले, तुझ्या गुडघ्याचा काय तरी बघूक होया. माका वाटला, असाच बोलतत. तेंनी जातांजातां पण माझो इचार केल्यानी."

मी तिच्या शेजारी बसले. काय घडलं ते तिने मला नीट सांगितलं. बाबांचा मोबाईल ती रोज चार्ज करून फोटोजवळ ठेवायची. दुपारी तो वाजला. पलीकडून कोणीतरी बाबांचं पूर्ण नाव घेतलं, पत्ता बरोबर सांगितला आणि म्हणालं, तुमचं पार्सल आहे, कॅश ऑन डिलिव्हरी आहे, पैसे तयार ठेवा. थोड्या वेळाने एक माणूस तीन जिने चढून आला. आईने त्याला डब्यातले पैसे काढून दिले. आठवड्याचा बाजार निघेल एवढे ते होते. त्याने पाकीट दिलं आणि घाईघाईने पुढच्या मजल्यावर गेला.

"तू विचारलं नाहीस, कोणी पाठवलंय?"

"तेंचा नाव होता ना तेच्यार," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपला होता.

पट्टा मी हातात घेतला. कापड बनियनसारखं पातळ होतं, शिवण आधीच उसवायला लागली होती आणि आईच्या गुडघ्यावर त्याचे लाल वळ उठले होते. परळच्या फूटपाथवर असले पट्टे ढिगाने मिळतात, आणि आईने दिलेल्या पैशांत तिथे सहा-सात तरी आले असते. आत बिल नव्हतं. पाकिटावर बाबांचं नाव, पत्ता, नंबर आणि पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा लांबच्या शहरातल्या ट्रेडिंग कंपनीचं नाव होतं. ते मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मला तिथल्या तिथे कळलं की हे बाबांनी मागवलेलं नाही.

त्यासाठी बाबा कसे होते ते सांगायला हवं. गिरणी बंद पडली तेव्हा ते ऐन तरुण होते. पुढची सगळी वर्षं त्यांनी दादरच्या एका कापडाच्या दुकानात काढली. कुठलीही वस्तू हातात घेतल्याशिवाय, उलटीसुलटी करून पाहिल्याशिवाय त्यांनी घेतली नाही. भाजीवालीकडची भेंडी ते मोडून बघत. माझ्या लग्नाच्या साड्या घेताना त्यांनी एकेक पदर बोटांत चोळून पाहिला होता आणि दुकानदार वैतागला होता. भावाने त्यांना मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दिला, त्यावर ते भजनं ऐकत आणि बातम्या बघत. घरबसल्या वस्तू मागवतात याचं त्यांना नवल वाटे. "न बघता पैसे कसे द्यायचे?" असं ते भावाला दर वेळी विचारत.

तरीही मी खात्री केली. चहा उकळत होता तोवर बाबांचा फोन घेऊन बसले. खरेदीचं एकही ॲप त्यात नव्हतं. ऑर्डर केली की येतो तसा एकही मेसेज नव्हता. होता तो फक्त त्याच दिवशीचा, पार्सल आज पोचेल, अमुक रक्कम तयार ठेवा, असा. पाकिटावरच्या पाठवणाऱ्याच्या नंबरला मी माझ्या फोनवरून लावून पाहिलं. तो अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. असे नंबर लावू नयेत, त्यातून पुढचे गुंते होतात, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून मी कुरियर कंपनीला फोन केला. बऱ्याच बटणांनंतर एक मुलगी बोलायला मिळाली. ती सौजन्याने म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त पोचवतो. पैसे आम्ही सेंडरला पाठवतो. परत करायचं तर तुम्हाला सेंडरशीच बोलावं लागेल."

"पण सेंडरचा फोन लागत नाही."

"मग मी कंप्लेंट नोंदवून घेते, मॅडम."

तिने ती नोंदवली असेल. पैसे काही परत आले नाहीत. या धंद्यातली मेख मला त्या दिवशी समजली. पाकीट उघडायचं तर आधी पैसे द्यावे लागतात, आणि पैसे दिले की ते पाठवणाऱ्याचे होतात. कुठूनतरी मिळवलेलं नाव, पत्ता आणि फोन नंबर आणि दहा-वीस रुपयांची एखादी वस्तू, एवढंच त्यांचं भांडवल. दहा घरांपैकी दोन-तीन घरांतली माणसं म्हणतात, घरातल्या कोणीतरी मागवलं असेल, आणि पैसे देऊन मोकळी होतात. आमच्या घरातलं ते कोणीतरी विचारायला शिल्लक नव्हतं.

संध्याकाळी भावाशी बोलले. तो फोनवरच तापला. "ताई, आईला सरळ सांग. फ्रॉड आहे हा. आज पैसे दिले म्हणजे उद्या परत येणार. त्यांना कळलं की या पत्त्यावर देतात."

"तू ये आणि तूच सांग," मी म्हटलं.

रविवारी तो आला. पण आई पट्टा बांधून पोळ्या लाटत होती, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच स्वयंपाकाला उभी राहिली होती, आणि ते पाहून त्याचं तोंड बंद झालं. मटणाचा रस्सा खाऊन तो डोंबिवलीला परत गेला.

शेवटी मीच बोलले. एका संध्याकाळी तिच्याजवळ बसून, हात हातात घेऊन जितकं हळू सांगता येईल तितकं सांगितलं. आई, हे बाबांनी मागवलेलं नाही. अशी पार्सलं कोणाच्याही नावाने पाठवतात. नेमका गुडघ्याचा पट्टा निघाला हा निव्वळ योगायोग. तुमच्या वयाच्या माणसांना असलंच काहीतरी पाठवतात.

तिने हात काढून घेतला.

"तुका काय म्हायत?" ती म्हणाली. "तू होतंस तेंच्या उशाशी? माका म्हणालेले ते. माका."

"ते म्हणाले असतील गं. पण मागवलं नाही त्यांनी."

"मग देवानं धाडल्यान म्हण," ती म्हणाली आणि उठून देवापुढे दिवा लावायला गेली. त्यानंतर काही दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलली. मी जायची, चहा व्हायचा, कप विसळले जायचे, मी निघायची. मला माझ्या बोलण्याचा पश्चात्ताप नव्हता, पण जिना उतरताना पाय जड व्हायचे. बाबा सगळ्यांचेच गेले होते. तिच्या हाती एक वस्तू लागली होती आणि मी ती काढून घ्यायला निघाले होते.

भावाने सांगितलं तसंच झालं. दुसरं पार्सल आलं. मी कामावर होते. आईने पुन्हा पैसे दिले. या वेळी निघालं ते पुरुषांचं मनगटी घड्याळ. तबकडीवर आणखी तीन छोट्या तबकड्या होत्या, पण त्यातले काटे नुसते छापलेले होते.

"ह्या तुझ्या भावाक," आईने मला सांगितलं. तिने आता गोष्ट पुढे नेली होती. बायकोसाठी पट्टा, मुलासाठी घड्याळ. "तुझापण येतला. तेंनी भेदभाव कधी केल्यानी नाय."

हे तिने अगदी विश्वासाने सांगितलं. ती तिसऱ्या पार्सलची वाट बघत होती. आणि ते येणार होतं, यात मलाही शंका नव्हती.

भावाने ते घड्याळ त्या रविवारी हातात घातलं. तोच, जो फोनवर तापला होता. आईने स्वतः त्याच्या मनगटावर पट्टा आवळला. तो गॅलरीत येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. खाली गणपतीच्या कारखान्याचा मंडप बांधायला सुरुवात झाली होती, बांबू उतरवत होते.

"ताई, काय करायचं गं?" तो म्हणाला.

"पुढचं येईल तेव्हा आपल्यापैकी एकाने इथे असायला हवं," मी म्हटलं. "तिला आपण सांगून नाही पटणार. तिनेच दारात नाही म्हणायला हवं."

मग आम्ही एक व्यवस्था केली. शेजारच्या खोलीतल्या काकूंना सांगितलं की आईकडे कोणी पैसे भरायचं पार्सल घेऊन आलं तर मला फोन करा, आणि आई घरात नसेल तर तिच्या वतीने कोणीही पैसे भरू नका. चाळीत ही सवयच असते. शेजारीण घरी नसली तर आपण पैसे देऊन पार्सल घेऊन ठेवतो, चांगुलपणा म्हणून. काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांच्याकडेही मुलाच्या नावाने एक आलं होतं आणि त्यांनी पैसे भरले होते. आत चुरगळलेला टी-शर्ट निघाला. मुलगा संध्याकाळी म्हणाला, मी काही मागवलंच नव्हतं. त्या लाजेने कोणाला बोलल्या नव्हत्या.

"माझं गेलं ते गेलं," काकू म्हणाल्या, "पण तुझ्या आईचं बघवत नाही गं."

तिसरं पार्सल आलं त्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळपासून आईकडेच होते. मी तांदूळ निवडत होते, आई भिंतीला टेकून बसली होती. बाबांचा फोन वाजला. आईने पदराने हात पुसून तो उचलला. "हो, हो, घरीच आहे," एवढंच बोलली आणि कपाटातून पैशांचा डबा काढायला गेली.

ताट बाजूला ठेवून दारात जाऊन उभी राहिले.

जिन्यावरून आलेला माणूस तिशीचा असेल. पाठीवर मोठी पिशवी, घामाने शर्ट चिकटलेला. बाबांचं नाव घेऊन त्याने पाकीट पुढे केलं. आई पैसे मुठीत धरून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"उघडून बघता येईल?" मी विचारलं.

"नाही मॅडम. पेमेंट झाल्याशिवाय उघडता येत नाही."

"आम्ही मागवलेलं नाही हे."

"मग नको म्हणा. मी रिफ्यूज टाकतो, परत जातं जिथून आलं तिथे."

"आम्हाला काही द्यावं लागतं?"

"तुम्हाला काय द्यायचंय? काहीच नाही." तो मोबाईलवर पुढचा पत्ता बघत होता. त्याच्या लेखी ही रोजची गोष्ट होती. "मागवलं नसेल तर घेऊ नका ना. रोज दोन-चार तशी असतात."

मी बाजूला झाले. आता आई आणि तो समोरासमोर होते. मी ठरवलं होतं की एक शब्द बोलायचा नाही. आईने पाकिटाकडे पाहिलं. ते लहानसं होतं, हलकं. हे माझं, असं ती समजून चालली होती हे मला माहीत होतं. बाबांनी मुलीला पाठवलेलं. त्या क्षणी, खरं सांगते, मलाही ते हातात घ्यावंसं वाटलं. खोटं आहे हे पक्कं ठाऊक असून. बाबांचं नाव असलेलं काहीतरी दारात आलं होतं आणि ते परत जाणार होतं.

"दादा," आई त्याला म्हणाली. परक्यांशी ती नीट मराठीत बोलते. "हे मागवलं कधी होतं, ते कळतं का?"

"मागवलं कधी ते मला दिसत नाही, आजी. निघालं कधी ते दिसतं." त्याने मोबाईलवर अंगठा फिरवला. "चार दिवस झाले. काल इथे आलं."

"चार दिवस?"

"हो. जास्त दिवस नाही लागत. ऑर्डर पडली की एक-दोन दिवसांत निघतंच."

आईच्या हातातल्या नोटा चुरगळत होत्या. आधीची दोन्ही पार्सलं तिने मनात कुठेतरी मागे नेऊन ठेवली होती, हॉस्पिटलच्या दिवसांत, बाबा उशीला टेकून बोलत होते त्या दुपारी. वाटेत अडकली असतील, उशिरा पोचली असतील. हे मात्र मागे जायला तयार नव्हतं.

"चार दिवसांआधी..." ती माझ्याकडे वळून म्हणाली, त्या माणसाला विसरूनच. "तेंका जावन दोन म्हयने होवक इले गो."

"हो, आई."

"मग ह्या तेंचा न्हय."

"नाही."

"आणि पयलीपण न्हय."

मी मान हलवली.

ती थोडा वेळ दाराची चौकट धरून उभी राहिली. त्या माणसाला पुढे जायचं होतं, पण काहीतरी वेगळं चाललंय हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने घाई केली नाही. मग आईने नोटा कमरेला खोचल्या, पदर सावरला आणि सरळ उभी राहिली.

"ज्यांच्या नावानं आणलंत," ती त्याला म्हणाली, "ते आता नाहीत. आणि असते तरी त्यांनी असलं काही न बघता घेतलं नसतं. आम्हाला नको. घेऊन जा."

"ठीक आहे, आजी," तो म्हणाला. मोबाईलवर काहीतरी दाबलं. बाबांच्या फोनवर मेसेज आल्याचा आवाज झाला. मी वाचला, ऑर्डर नाकारली आहे, एवढंच त्यात होतं. जाताना तो माणूस दोन पायऱ्या उतरून थांबला. "सॉरी, आजी. आम्हाला आत काय असतं, कोणी पाठवलंय, काही ठाऊक नसतं."

"तुमचं काय चुकलं त्यात," आई म्हणाली. "पाणी देऊ?"

त्याने पाणी घेतलं आणि गेला.

दार लावल्यावर आई जमिनीवर बसली आणि रडली. बाबांना नेलं तेव्हा ती रडली नव्हती, तेराव्याला रडली नव्हती. आता रडली. मी तिच्यापाशी बसून राहिले. रडता रडता ती मधेच बोलायची. ते एकदा सकाळी चहा नको म्हणाले होते आणि तिने चिडून तो ओतून दिला होता. नात्यातल्या कोणालातरी कळवायचं राहिलं होतं. पट्टा नव्हता, घड्याळ नव्हतं, आता काहीच येणार नव्हतं, हे तिला त्या दिवशी कळलं. पार्सलवाल्यांनी आमचे थोडे पैसे नेले, ते सोसता आले. पण त्यांनी तिचं दुःख महिनाभर अडवून धरलं होतं आणि ते असं एका दुपारी एकदम सोडवून घ्यावं लागलं. त्यांना मी कधी माफ करू शकेन असं मला वाटत नाही, आणि मजा अशी की आम्ही कोण हे त्यांना माहीतही नाही.

संध्याकाळच्या सुमारास बाबांचा फोन पुन्हा वाजला. आईने मला खूण केली, तू घे. पलीकडचा आवाज गोड होता. हिंदीत म्हणाला, तुमचं पार्सल रिटर्न होतंय, कॅन्सल पूर्ण करायला फोनवर एक नंबर आलाय तो सांगा, नाहीतर दंड लागेल, कायदेशीर नोटीस निघेल.

"पार्सल आम्ही दारातच नाकारलंय," मी म्हटलं. "आता आणखी काही सांगायचं नाही."

तो आवाज चढवायला लागला तेव्हा मी फोन ठेवला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. आई घाबरली होती. "पोलीस येतील?" तिने विचारलं. मी तिला समजावलं. न मागवलेली वस्तू घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. नाकारली म्हणून दंडही नाही आणि नोटीसही नाही. नकार दारात उभ्या असलेल्या माणसाला दिला की विषय संपला. नंतर फोन करून जो आकडे विचारतो त्याचा डोळा पार्सलवर नसतोच, बँकेतल्या पैशांवर असतो.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "समजा तुझ्या भावानं खराच काय तरी मागवल्यान, माझ्यासाठी, माका न सांगता. तर?"

"तर त्याला फोन करून विचारायचं. फोन नाही लागला तर त्या माणसाला सांगायचं, उद्या या. ते परत येतात. आपलं असलं तर एका दिवसाने कुठे जात नाही."

"ह्या बरा आसा," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी भावाने घड्याळ काढून ठेवलं. आईने त्याला ते काढायला सांगितलं नव्हतं आणि तिने काही विचारलंही नाही. आम्ही तिघं मिळून पोलीस स्टेशनला जाऊन आलो. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, ऑनलाइन तक्रार कशी करायची ते दाखवलं, आणि पैसे परत मिळतील असं काही मी सांगत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. तक्रार करून ठेवा, असे धागे जुळले की कधीतरी एखादा सापडतो, म्हणाल्या. बाबांचं नाव, पत्ता आणि नंबर त्या लोकांकडे कसा गेला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. औषधाच्या दुकानातलं कार्ड असेल, कुठल्या सोडतीचं कुपन असेल, कचऱ्यात टाकलेलं एखादं पाकीट असेल. तेव्हापासून आम्ही पाकिटावरचा पत्त्याचा कागद फाडूनच टाकतो.

बाबांचा नंबर बंद करावा, असं भावाचं मत होतं. आई म्हणाली, थोडे दिवस राहू दे. ठेवला.

त्यानंतर गणपती आले आणि गेले. बाबांचं वर्ष व्हायचं होतं म्हणून आमच्याकडे त्या वर्षी काही नव्हतं. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली होती. मग एक दिवस काकूंबरोबर जिना उतरून बाजारात गेली. मला हे सगळं तिने फोनवर सांगितलं, कामाच्या वेळेत, माझ्या खिडकीसमोर रांग असताना. बांगडे ताजे होते पण महाग होते, कोळीण जुन्या ओळखीची होती, तिने बाबांची चौकशी केली आणि ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून एक बांगडा वर घातला.

"आणि गो," आई म्हणाली, "तो इलेलो."

"कोण?"

"पार्सलवालो. दुसरो होतो, बारको. तेंच्याच नावाचा घेवन इलेलो. पैशे मागूक लागलो."

"मग?"

"मग काय? म्हटलं, नको. आम्ही मागवलेलं नाही. तो म्हणाला, आजी, नाकारणारं कोण म्हणून लिहू, घरात कोण असतं?"

"तू काय सांगितलंस?"

मागे बाजाराच्या पिशव्या ठेवल्याचा आवाज आला.

"म्हटलं, मी असते. आणि माझं नाव सांगितलं," ती म्हणाली. "चल, ठेवतंय. बांगडे साफ करूचे आसत."